हक्कसोडीचा कागद आणि आठ भाग

अमरावती किंवा अकोल्याचा लेखक मुंबईला एखाद्या स्ट्रीमिंग मंचाकडे कौटुंबिक मालिकेची कल्पना घेऊन निघतो, तेव्हा त्याच्या कागदाचं पहिलं पान बहुतेक वेळा वऱ्हाडाच्या वर्णनानं भरलेलं असतं. काळी माती, कापूस, रखरखीत ऊन, शकुंतला रेल्वे, अंबादेवीची नवरात्र, श्रावणातली कावड. त्यानंतर कुटुंबाची वंशावळ येते, आणि गोष्ट सुरू होते ती तिसऱ्या पानावर. समोरच्या माणसानं तोवर वाचणं सोडलेलं असतं. त्याला वऱ्हाडाचं वावडं असतं असं नाही. तो वाचताना काय शोधत असतो, ते पहिल्या दोन पानांत त्याला सापडलेलं नसतं.

समोरचा माणूस म्हणजे मंचाच्या ‘ओरिजिनल्स’ विभागातला, मालिका निवडणारा अधिकारी. पैशांचा निर्णय त्याच्या एकट्याच्या हातात नसतो. तुमची कल्पना आवडली, तर त्याला ती आपल्या वरिष्ठांना, मग खर्च पाहणाऱ्यांना आणि जाहिरातवाल्यांना सांगावी लागते. या लोकांनी तुम्हाला पाहिलेलं नसतं. मोर्शी कुठे आणि मूर्तिजापूर कुठे, हेही त्यांना माहीत असेलच असं नाही. म्हणजे पिच एकदा तुम्ही करता, आणि पुढे तीन-चार वेळा तुमच्या गैरहजेरीत दुसरा कुणीतरी करतो. त्याच्या तोंडून सांगितली गेल्यावरही जी गोष्ट शाबूत राहते, तीच पुढे सरकते. लॉगलाइन, म्हणजे एका-दोन वाक्यांत मांडलेली गोष्ट, लागते ती याचसाठी.

मोठे मंच ओळखपाळख नसलेल्या लेखकाचा थेट पाठवलेला मजकूर सहसा वाचतही नाहीत. नेटफ्लिक्सनं तर तसं उघड जाहीर केलेलं आहे. वाट जाते ती निर्मितीसंस्थेमार्फत. तुमची कल्पना आधी एखाद्या निर्मात्याला पटावी लागते आणि तो ती मंचाकडे नेतो. कागदांचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी लॉगलाइन आणि एका पानाचा सारांश. तो आवडला तर ‘बायबल’, म्हणजे पात्रं, त्यांचे परस्परसंबंध, सगळ्या भागांचा आराखडा, मालिकेचा सूर आणि पुढच्या हंगामाची शक्यता सांगणारा पंधरा-वीस पानांचा दस्त. मग पहिल्या भागाची पूर्ण पटकथा, म्हणजे पायलट. यांपैकी कुठल्याही पायरीवर नकार येऊ शकतो, आणि तो बहुधा मौनाच्या रूपात येतो.

सारांशाच्या पानावर सर्वांत आधी एक गोष्ट दिसावी लागते : ही मालिका आहे, लांबवलेला चित्रपट नव्हे. वऱ्हाडातून येणाऱ्या कल्पनांचा पाय इथेच सर्वाधिक घसरतो, आणि त्याचं कारणही समजण्याजोगं आहे. या भागाचं नाव काढलं की शेतकरी आत्महत्या डोळ्यांपुढे येतात. लेखकाच्या मनात ते दुःख खरं असतं, म्हणून तो त्यावरच लिहितो. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या संदर्भात नीट पाहण्यासारखा आहे. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर अलकाला आपला नवराही तेच करील अशी धास्ती वाटू लागते, आणि ती त्याच्यावर नजर ठेवते. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांनी हे जोडपं उभं केलं. चित्रपटाला ही एक भीती पुरते, कारण ती वाढत जाते आणि शेवटी तिचा निकाल लागतो. तीच भीती आठ भागांना पुरत नाही. तिसऱ्या भागापर्यंत प्रेक्षकाला ती कळून चुकलेली असते, आणि उरलेल्या भागांत लेखक पाऊस, सावकार, बँक अशी संकटं बाहेरून आणून टाकत राहतो.

मालिकेला असा पेच लागतो की तो सोडवायला टाकलेलं प्रत्येक पाऊल नवा पेच उभा करील. लेखकांच्या खोल्यांमध्ये याला ‘इंजिन’ म्हणतात. कौटुंबिक मालिकेत त्याचं सर्वांत साधं रूप असं की ही माणसं एकत्र राहू शकत नाहीत आणि वेगळीही होऊ शकत नाहीत. वेगळं होता येत नसेल, तर ‘का?’ या प्रश्नाचं उत्तर ठोस हवं. प्रेम, संस्कार, खानदानाची इज्जत ही उत्तरं कागदावर फार पातळ पडतात.

इथे वऱ्हाडच लेखकाच्या मदतीला येतं. एक कल्पित मालिका घेऊन ते कसं, ते पाहू.

वरुड तालुक्यातलं एक कुटुंब, संत्र्याची बाग. वडील वारले. मागे आई, थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि एक बहीण. बहीण अकोल्याकडे, पूर्णा नदीच्या काठच्या खारपाणपट्ट्यातल्या गावात दिलेली. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांच्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. ते धड पिता येत नाही आणि पिकालाही चालत नाही. म्हणून तिथली शेती मुख्यतः पावसावरची, कापूस, तूर आणि हरभऱ्याची. माहेरी गोड पाण्याची विहीर आणि बाग, सासरी खारा हापसा. थोरल्याला बँकेकडून कर्ज हवं आहे, त्यासाठी सातबारा मोकळा हवा आहे, आणि म्हणून तो बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतो. बहीण सही करत नाही.

यातला कायद्याचा भाग लेखकाला नेमका माहीत हवा, कारण निर्मात्याकडचा वकील तो विचारणारच. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला. ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी लागू झाली. वडील त्या दिवशी हयात होते की नव्हते यावरून पुढे बरेच वाद झाले. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात निकाल दिला की हक्क जन्मानंच येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. कायदा मुलीच्या बाजूनं स्पष्ट आहे, तरी बहिणीनं भावासाठी हक्क सोडावा हा रिवाज तितकाच जिवंत आहे. कायदा आणि रिवाज यांच्यातली ही फट म्हणजे घरोघरची मालिका आहे. वऱ्हाडातच नव्हे, महाराष्ट्रभर. म्हणून तर ती मुंबईच्या टेबलावरही समजते.

पण ‘बहीण सही करत नाही’ एवढ्यावर इंजिन तयार होत नाही. सातारा किंवा नाशिकचं कुटुंब घेतलं तरी तेवढी गोष्ट तशीच घडेल. तिच्या खाली पाणी घातलं की ती वरुडची होते. जमीन वाट्यांत कापता येते, विहीर कापता येत नाही. वरुड-मोर्शी भागात भूजलाचा इतका उपसा झाला आहे की बोअर शेकडो फूट खाली नेऊनही पाण्याची खात्री नसते. बागेला जेमतेम पुरेल एवढंच पाणी विहिरीत आहे. बहिणीला वाटा द्यायचा तर पाण्याचा वाटा द्यावा लागतो, आणि पाणी वाटलं तर झाडं वाळतात. झाडं वाळली तर भांडायला काही उरत नाही. म्हणून भावांना बहिणीला तोडता येत नाही आणि तिला सामावूनही घेता येत नाही. वेगळं का होता येत नाही, याचं ठोस उत्तर हे आहे.

लॉगलाइनच्या पहिल्या खर्ड्यात लेखक लिहितो : ‘वऱ्हाडातल्या एका शेतकरी कुटुंबाची, नात्यांच्या चढउतारांची हृदयस्पर्शी कहाणी.’ यात काहीच माहिती नाही. दुसऱ्या खर्ड्यात तो लिहितो : ‘वडिलांच्या तेरवीनंतर बहीण हक्कसोडीच्या कागदावर सही करायला नकार देते आणि भावांमध्ये वाद सुरू होतो.’ यात घटना आहे, पण पुढे काय पणाला लागलं आहे ते नाही. तिसरा खर्डा असा होऊ शकतो : ‘खाऱ्या पाण्याच्या गावी दिलेली बहीण वडिलांच्या पश्चात हक्कसोड द्यायला नकार देते. तिला पैसे नकोत, विहिरीत वाटा हवा आहे, आणि विहीर वाटली तर संत्र्याची बाग मरते.’ एवढं अधिकारी आपल्या वरिष्ठांना जिन्यात उभ्याउभ्या सांगू शकतो. त्यात वऱ्हाड हा शब्द नाही, तरी गोष्ट दुसरीकडे हलवता येत नाही.

स्थळाची परीक्षा हीच. कुटुंब उचलून दुसऱ्या जिल्ह्यात ठेवून पाहायचं. काहीच बदलत नसेल, तर स्थळ फक्त पडद्यामागचं चित्र आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावरच्या कावडींतून अकोल्याच्या राजराजेश्वराला नेतात. हा सोहळा जवळपास प्रत्येक अकोलेकर लेखकाच्या पिचमध्ये यावासा वाटतो, आणि तो भव्य आहेच. पण ‘कावड यात्रेचं भव्य चित्रण’ असं लिहिलं की तो नुसता खर्चाचा आकडा होतो. आपल्या गोष्टीत मात्र बहिणीचा मुलगा कावड उचलतो. त्याच दिवशी त्याचे मामा त्याच्या आईला पाण्याचा वाटा नाकारत असतील, तर कावड कथेच्या आत येते. मग ती गाळायची तर शेवटचा भागच बदलावा लागेल.

आता आठ भागांकडे येऊ. भागांचा आराखडा रचताना बहुतेक लेखक घटनांची यादी करतात. इथे बागेचं वर्षच आराखडा हाती देतं, आणि या कल्पनेतली ही सर्वांत श्रीमंत जागा आहे. वऱ्हाडातल्या संत्र्याला दोन मुख्य बहार असतात, आंबिया आणि मृग. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. झाड तहानेनं थांबतं, पानं मलूल होतात. मग पाणी सोडलं की जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीत फुलं येतात. उन्हाळ्यात आणि पुन्हा पावसाळ्यात फळगळ होते, आणि उरलेलं फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडणीला येतं. ताण कमी झाला तर फुलोरा विरळ, जास्त झाला तर झाडच खचतं. कुटुंबाच्या गोष्टीला याहून चांगलं वेळापत्रक शोधून सापडणार नाही.

पहिला भाग नोव्हेंबरात. झाडं फळांनी वाकलेली, तेरवी उरकलेली, स्मशानातून आल्यापासून कुणी नीट झोपलेलं नाही. थोरल्यानं वकिलाकडून कागद करून आणला आहे. बहीण तो वाचते. इथवर आयुष्यात तिनं सही करण्याआधी कुठलाही कागद वाचलेला नाही, हे आपल्याला आईच्या चेहऱ्यावरून कळतं. ती कागद परत घडी करते. भाग इथे संपतो.

दुसऱ्या भागात व्यापारी येतो. संत्र्याची बाग झाडावरच विकण्याची पद्धत आहे. व्यापारी पाहणी करतो, भाव ठरवतो, इसार देतो आणि तोडणी स्वतः करून घेतो. वडिलांशी त्याचा तोंडी सौदा झालेला आहे. मधल्या काळात भाव पडले आहेत. इथे बाहेरचं खरं कारण हाताशी आहे : आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशानं गेल्या काही वर्षांत आयात शुल्क वाढवत नेलं आणि त्याचा फटका थेट बागांना बसला. व्यापाऱ्याला सौद्यातून निसटायचं आहे, आणि ‘तुमच्या घरात वाद आहे म्हणे’ हे निमित्त त्याला आयतं मिळतं. म्हणजे बहिणीच्या नकारानं बागेचं पहिलं नुकसान झालं, असं थोरला मानतो. ते पूर्ण खरं नाही, पण तो मानतो.

तिसरा भाग अकोल्याकडचा. बहिणीच्या घरी पाण्याचे कॅन आणि त्यांचा हिशेब. तिचा नवरा वाईट माणूस नाही. त्याला वाट्याचे पैसे हवे आहेत, छप्पर करायला. म्हणजे सासरला पैसा हवा, माहेराला सही हवी, आणि तिला या दोहोंपैकी काही नको आहे. एकाच पात्रावर दोन्ही बाजूंनी येणारं असं दडपण पिचमध्ये ठळक दिसावं, कारण अनुभवी अभिनेत्रीला भूमिका पटते ती यामुळे, आणि मंच विचारणार असतोच की ही भूमिका कोण करील.

चौथा भाग ताणाचा. विहीर थांबली आहे, बाग तहानली आहे, घरात कुणी कुणाशी बोलत नाही. पुण्याहून परत आलेला धाकटा वडिलांच्या जुन्या कागदांत पतसंस्थेची पावती शोधून काढतो. विहिरीतलं बोअर ज्या पैशांतून झालं, ते बहिणीच्या लग्नातलं सोनं गहाण ठेवून आलेले होते. ते सोनं सुटलंच नाही. आईला हे पहिल्यापासून माहीत होतं. आठ भागांच्या मालिकेत चौथ्या भागाचा शेवट हा कणा असतो. इथे प्रश्नाचा अर्थच बदलला पाहिजे. आतापर्यंत प्रश्न असा होता की बहीण माहेरची विहीर मागते आहे. आता तो असा होतो की विहीर मुळात कुणाची.

पुढच्या भागांची इतकी फोड पिचमध्ये लागत नाही. पाचव्यात फुलोरा आणि एक खोटा समेट, सहाव्यात मे महिन्यातली फळगळ, आटलेली विहीर आणि थोरल्यानं कुणाला न विचारता मारलेलं नवं बोअर, सातव्यात तहसीलमधली फेरफाराची सुनावणी, जिथे आईला उभं राहून बोलावं लागतं. आठव्यात श्रावण, कावड, आणि बहीण सही करते, पण दुसऱ्या कागदावर : बाग एकत्र राहील, विहीर तिच्याही नावावर असेल, आणि हिशेब ती ठेवील. भागांच्या या ओळी लिहिताना एक खूण सांभाळायची. दोन भागांच्या मध्ये ‘आणि मग’ हे शब्द येत असतील तर बांधणी सैल आहे. ‘त्यामुळे’ किंवा ‘पण’ येत असेल तर ती धरून आहे.

मंचाला तुलनाही हवी असते : ही मालिका कुठल्या मालिकांच्या शेजारी बसेल? इथे ‘वऱ्हाडातलं गुल्लक’ असं लिहून टाकण्याचा मोह होतो. ‘गुल्लक’चा पहिला हंगाम २०१९ साली अवघ्या पाच भागांचा आला. मिश्रा कुटुंबाच्या घरातली एक छोटी घटना म्हणजे एक भाग, आणि गोष्ट सांगणारं घरातलं गुल्लक. ‘पंचायत’ २०२० साली आली. तिचं फुलेरा उत्तर प्रदेशातलं, पण चित्रीकरण झालं मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यातल्या गावात. दोन्हींमधून निर्माते एक गोष्ट शिकले की लहान गावाची शांत गोष्टही देशभर पाहिली जाते. आपल्या पिचमध्ये ही साम्यं एका वाक्यात सांगून लगेच फरक सांगावा : त्या मालिकांत भागागणिक नवी घटना आहे, आपल्या मालिकेत पहिल्या भागातला एकच कागद आठव्या भागापर्यंत प्रवास करतो. साम्यामुळे अधिकाऱ्याला धीर येतो, पण त्याला वरिष्ठांपुढे बोलायला विषय मिळतो तो फरकातून.

मग भाषेचा प्रश्न येतो, आणि तो येणारच : वऱ्हाडी कळेल का लोकांना? याचं उत्तर अभिमानानं देऊ नये, पुराव्यानं द्यावं. २०१६ पासून २०२१ पर्यंत झी मराठीवर चाललेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मध्ये अनिता दाते यांनी केलेली राधिका नागपूरकडची होती, विदर्भाच्या वळणाचं बोलत होती, आणि रोज रात्री पुण्या-कोल्हापूरचे प्रेक्षक तिच्यासाठी थांबत होते. ती नायिका होती, हे महत्त्वाचं. आपल्याकडे वऱ्हाडी बोलणाऱ्या पात्राला विनोदी प्रवेशात उभं करण्याची सवय इतकी मुरली आहे की गंभीर प्रसंगातही लोक हसण्याच्या तयारीत असतात. म्हणून बायबल सरळ मराठीत, आणि गरज पडल्यास त्याची हिंदी किंवा इंग्रजी प्रत तयार ठेवावी, पण एक-दोन प्रसंग मात्र अस्सल बोलीत जोडावेत, आणि ते विनोदी नसावेत. उदाहरणार्थ पहिल्या भागातला हा :

‘ताई, सही तं करा लागते. वकिलानं कागद बनवून देल्ला.’
‘कागद बनवाच्या आंधी मले इचारलं होतं काय?’
‘आता इचारून रायलो ना. काय पायजे तुले? बोल. देतो.’
‘पैसे नोको मले. पानी पायजे.’

चार ओळींत कोण कुणाशी कसं बोलतं ते कळतं, आणि अमरावतीबाहेरच्या माणसालाही अर्थ अडत नाही. बोली वाचायला सोपी ठेवणं म्हणजे तिचं प्रमाणीकरण करणं नव्हे. ‘मले’, ‘तुले’, ‘रायलो’ राहू द्यावं, फक्त प्रत्येक ओळीत दुर्मीळ शब्द पेरण्याचा हट्ट नको.

खर्चाची टिपणी लेखक सहसा निर्मात्यावर सोडतो. कौटुंबिक मालिकेत खर्च आवाक्यात ठेवणं हा लेखनाचाच भाग आहे : वरुडचं घर आणि बाग, अकोल्याकडचं घर, तहसील कचेरी, व्यापाऱ्याचं दुकान. एवढ्या जागांत आठ भाग बसतात, हे पिचमध्ये एका ओळीत असावं. पण या गोष्टीत एक अडचण आहे जी आधीच सांगितलेली बरी. फुलोरा खोटा उभा करता येत नाही, आणि फळांनी लगडलेली बागही. म्हणजे चित्रीकरण निदान दोन टप्प्यांत करावं लागेल. पहिला नोव्हेंबरात तोडणीच्या सुमाराला, दुसरा जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीत. मेमधल्या फळगळीचे प्रसंग खऱ्या मेमध्ये घ्यायचे, तर वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या घरात असतो, म्हणून ते पहाटे आणि संध्याकाळी उरकतील असे लिहावे लागतात. हे आधी न सांगता करार झाला, तर ऐन वेळी कुणीतरी ‘फुलं नंतर ग्राफिक्सनं टाकू’ म्हणतं, आणि मालिकेचा गाभाच नकली होतो.

आपली कल्पना चोरली जाईल ही भीती गावाकडच्या लेखकाला फार असते. ती निराधार नाही, पण ती कुठवर खरी हे माहीत असावं. भारतीय कायद्यात नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. तो कल्पनेच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं. ‘बहीण हक्कसोड देत नाही’ यावर कुणाची मालकी होऊ शकत नाही. पण मुंबई उच्च न्यायालयानं २००३ साली झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स या खटल्यात एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली. एका निर्मितीसंस्थेनं मालिकेची तपशीलवार संकल्पना विश्वासानं वाहिनीकडे दिली होती, आणि पुढे त्याच धर्तीची मालिका येऊ घातली. विकसित केलेली, लेखी आणि विश्वासानं दिलेली संकल्पना गोपनीय माहितीचं रूप घेऊ शकते, आणि तिचा असा वापर थांबवता येतो, असं न्यायालयानं मानलं. यातून कामाचा धडा असा निघतो की कल्पना जितकी तपशिलात उतरलेली असेल, तितकी ती तुमची. बायबल आणि पायलट स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावं, आणि कुणाला काय केव्हा पाठवलं त्याच्या ईमेल सांभाळाव्यात. काही मंच बैठकीआधी एका कागदावर सही मागतात की तुमच्यासारखीच कल्पना आमच्याकडे आधीपासून असू शकते. तो कागद नीट वाचावा. आपली नायिका वाचते तसा.

बैठक अर्ध्या तासाची असते आणि त्यातली बोलण्याची पहिली पाच-सात मिनिटंच तुमची. कागद वाचून दाखवू नये. पहिला भाग सांगावा, चौथ्या भागाचा शेवट सांगावा, आणि थांबावं. मग प्रश्न येतात. ‘आत्ताच का?’ याला २०२० चा निकाल हे उत्तर आहे : कायदा ठरला, घरं अजून ठरवतायत. ‘कोण पाहील?’ याला प्रेक्षकांचे आकडे शोधून आणण्यापेक्षा हे सांगावं की ज्या घरात शेत किंवा जुनं घर आहे आणि एक बहीण आहे, त्या प्रत्येक घरात हा कागद कधी तरी येतो. ‘शेवट असाच का?’ या प्रश्नावर बचाव करू नये. अधिकारी शेवट बदलायला सांगत नसतो, तुम्ही त्यावर विचार केलाय का ते पाहत असतो.

आणि शेवटी तो विचारतो, दुसऱ्या हंगामात काय? इथे बरेच लेखक म्हणतात, ‘मग त्यांच्यात नवे गैरसमज होतात.’ ते उत्तर ऐकून अधिकाऱ्याला कळतं की इंजिन पहिल्याच हंगामात संपलं. आपल्या कल्पनेत उत्तर पहिल्या भागापासून घरात वावरत असतं. थोरल्याची बायको नणंदेवर सर्वांत जास्त चिडलेली आहे. तिचं माहेर दर्यापूरकडचं, तिचेही वडील थकलेले, तिलाही दोन भाऊ. नणंदेचं नाव सातबाऱ्यावर चढलेलं पाहिल्यावर ती पहिल्यांदा स्वतःच्या माहेरच्या सातबाऱ्याचा उतारा काढते. आणि बहिणीनं हक्क सोडावा म्हणून वर्षभर भांडलेला थोरला आता बायकोच्या हक्कासाठी तिच्या भावांपुढे जाऊन बसतो. पहिल्या हंगामात त्यानं जे जे बोललेलं असतं, ते सगळं त्याला तिथं समोरून ऐकावं लागतं.